भिंत आधी, यंत्र नंतर

परवा धाकट्या दिरांचा नाशिकहून फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे तो भिंतीजवळ ठेवायचा प्रोजेक्टर आहे ना, तसला मलाही घ्यायचाय. आमची खोली लहान. कुठला घेऊ सांगा."

मी विचारलं, "भाऊजी, आधी सांगा, भिंत कशी आहे?"

ते हसले. "भिंत? भिंतीसारखी भिंत आहे!"

फोनवर सगळं सांगणं जमलं नाही, म्हणून आज इथे लिहिते आहे. माझं मत थोडक्यात सांगायचं तर असं, की लहान खोलीत जवळून चित्र टाकणारा प्रोजेक्टर घेणाऱ्याने पहिला विचार भिंतीचा करावा, दुसरा जागेचा आणि तिसरा यंत्राचा. दुकानात मात्र सगळं उलट सांगतात. "कुठेही ठेवा, कसाही ठेवा, आपोआप सरळ करून घेतो" असं ते वाक्य असतं. त्या वाक्यापायी मी एका निरपराध मुलाला सगळ्यांदेखत बोलले. ती गोष्ट आधी सांगते.

निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी आळीतली सात-आठ मुलं माझ्याकडे वाचायला येतात हे तुम्हा नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच. माझी खोली १० फूट बाय ११ फूट. तिच्यात एक पलंग, एक कपाट आणि उरलेल्या जागेत मुलं. बालभारतीची पुस्तकं आता संगणकावर उतरवून घेता येतात, तेव्हा ती भिंतीवर मोठी करून दाखवावीत असं माझ्या मनात होतं. धाकट्या मुलाने प्रोजेक्टर आणून दिला आणि बसवूनही दिला. त्याला त्याच संध्याकाळी परत जायचं होतं, त्यामुळे सगळा कारभार अर्ध्या तासात उरकला. तिपाई बुटकी पडत होती आणि चित्र खाली येत होतं, म्हणून त्याने प्रोजेक्टरच्या पुढच्या बाजूखाली माझा जाडजूड शब्दकोश सरकवला. नाक वर झालं, चित्र वर गेलं, यंत्राने दोन सेकंद विचार करून ते चौकोनी करून घेतलं. "बघ आई, ऑटो कीस्टोन! तुला काही करायला नको." मीही खूश झाले.

पुढच्या आठवड्यात चौथीतला एक मुलगा वाचत होता. तो तसा अबोल आहे, वाचायला घाबरतो. सगळ्यात वरच्या ओळीत उजव्या टोकाला वाक्य संपत होतं, "देवळासमोर मोठा नंदी." त्याने वाचलं, "देवळासमोर मोठा नदी." मी म्हटलं, "अरे, नदी मोठा असते का? नदी मोठी! आणि देवळासमोर नदी कुठून आली? नीट बघून वाच." मुलं हसली. तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, तिथे टिंब नाहीये." मी म्हटलं, "कारणं सांगू नकोस."

मुलं गेल्यावर मी उठून त्या कोपऱ्याशी गेले आणि भिंतीला नाक लावून पाहिलं. टिंब खरंच नव्हतं. टिंबाच्या जागी शिरोरेषेला चिकटलेला एक राखाडी डाग होता. मधल्या ओळी अगदी स्वच्छ होत्या, डावीकडचं चालवून घेण्यासारखं होतं, आणि उजवा वरचा कोपरा पाण्यात भिजलेल्या पाटीसारखा पुसट. इंग्रजीत एखादं अक्षर पुसट झालं तर शब्दाच्या आकारावरून भागतं. आपल्याकडे एक टिंब गेलं की नंदीची नदी होते, आणि ती चूक वाचणाऱ्याच्या माथी बसते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आधी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, त्या स्वस्तातल्या लेन्सेस अशाच असतात, थोडं चालायचंच." मला ते पटलं नाही. दोष लेन्सचा असता तर चारही कोपरे सारखे पुसट दिसायला हवे होते, एकच का? मग मी वही घेऊन बसले. बी.ए. मराठीतून केलं असलं तरी शाळेत पाचवी-सहावीला भूमितीही शिकवली आहे. थोडी आकडेमोड येते.

मुळात हा प्रोजेक्टर जवळून मोठं चित्र टाकतो म्हणजे काय करतो, ते पाहू. प्रत्येक प्रोजेक्टरचं एक गुणोत्तर असतं. लेन्सपासून भिंतीपर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी. नेहमीच्या प्रोजेक्टरचं ते दीडच्या आसपास असतं. मला हवं होतं ८० इंची चित्र. ८० इंच हा कर्ण झाला, रुंदी येते १७७ सेंटीमीटर आणि उंची १००. दीडच्या हिशोबाने यंत्र भिंतीपासून २६५ सेंटीमीटरवर, म्हणजे पावणेनऊ फुटांवर ठेवावं लागेल. माझ्या खोलीत म्हणजे जवळजवळ पलंगावर! आणि मी फळ्यापाशी उभी राहिले की माझीच सावली. माझ्या प्रोजेक्टरचं गुणोत्तर अर्धा आहे. तो ८८ ते ८९ सेंटीमीटरवरून तेवढंच चित्र टाकतो. (हे अंतर लेन्सच्या काचेपासून मोजायचं, डब्याच्या पाठीपासून नाही. मी आधी चुकले होते.) याहूनही जवळचे, भिंतीला जवळजवळ टेकून ठेवायचे प्रोजेक्टर निघाले आहेत, त्यांचं गुणोत्तर पावच्या आसपास असतं. दिरांच्या मनात तोच आहे.

आता जवळून मोठं चित्र टाकायचं तर प्रकाश कडांवर तिरका पडणार. माझ्या यंत्रातून चित्राच्या मध्यावर जाणारा किरण डावी-उजवीकडे न वळता भिंतीवर पडतो, पण उजव्या कडेला जाणारा किरण ४५ अंशांनी तिरका जातो. लांबच्या प्रोजेक्टरमध्ये तोच १८ अंशांच्या आसपास असतो. सगळी गोम या तिरकेपणात आहे. यंत्र थोडंसं वाकडं बसलं तरी चुकीचं माप जवळून फार मोठं होतं.

उदाहरण देते. समजा यंत्र फक्त ३ अंशांनी उजवीकडे वळलेलं आहे. ३ अंश म्हणजे किती? तीस सेंटीमीटर रुंदीच्या डब्याची एक बाजू दीड सेंटीमीटर पुढे. डोळ्याला कळणारही नाही इतकं. पण चित्राची उजवी कड १०६ सेंटीमीटर उंच होते आणि डावी ९५. लांबच्या प्रोजेक्टरमध्ये याच चुकीला दोन्ही कडांत जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा फरक पडतो. आणि नुसता आकार बिघडत नाही. उजवी कड लेन्सच्या हिशोबाने डावीपेक्षा नऊ सेंटीमीटर दूर गेलेली असते. लेन्सचा फोकस एका वेळी एकाच अंतराला नेमका बसतो. डावी बाजू स्वच्छ केली की उजवी पुसट, उजवी केली की डावी पुसट.

शब्दकोशाने तर याहून वाईट केलं होतं. पंचवीस सेंटीमीटर लांबीचा डबा पुढून तीन सेंटीमीटर उचलला, म्हणजे झाले सात अंश. मी आपोआप सरळ करण्याची सोय बंद केली आणि टेप लावली. चित्राची वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे ३० सेंटीमीटर जास्त रुंद निघाली! तीस सेंटीमीटरचा हा वाकडेपणा यंत्र लपवत होतं.

लपवत होतं हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. कीस्टोन प्रकाश सरळ करत नाही. लेन्स जिथे बघते आहे तिथेच बघत राहते, वरची कड जितकी दूर आहे तितकीच दूर राहते. यंत्र फक्त आतल्या आत चित्र चेपतं, म्हणजे वरचा भाग अरुंद करून पाठवतं, की भिंतीवर तो सरळ दिसावा. त्यामुळे आकार सुधारतो, पुसटपणा तसाच राहतो. उलट थोडा वाढतो. माझ्या यंत्रात आडवे १२८० ठिपके आहेत, म्हणजे भिंतीवर प्रत्येक ठिपका साधारण दीड मिलिमीटरचा. चित्र चेपलं की वरच्या ओळींच्या वाट्याला कमी ठिपके येतात. शिरोरेषा नीट पाहिलीत तर तिला बारीक पायऱ्या पडलेल्या दिसतात आणि ती कुठे जाड, कुठे बारीक होते. अनुस्वाराला मुळात तीन-चार ठिपके मिळत होते, त्यातलेही गेले.

म्हणून माझा पहिला नियम असा, की यंत्राचं नाक वर करायचं नाही, तिपाई वर करायची. हे प्रोजेक्टर मुळातच असे बनवलेले असतात, की डबा सपाट ठेवला तरी चित्र लेन्सच्या पातळीच्या वरून सुरू होतं. माझ्याकडे लेन्सच्या वर दहा सेंटीमीटरवर खालची कड येते. तिपाईच्या पायांखाली १२ सेंटीमीटरचे लाकडी ठोकळे दिले, शब्दकोश काढून कपाटात त्याच्या जागी ठेवला, आणि चित्र हव्या त्या उंचीवर आलं.

मग सरळ बसवण्याचं काम. ते कसं केलं तेही सांगते, कारण कुणाला तरी उपयोगी पडेल. आधी कीस्टोन शून्यावर आणला. आपोआपची सोय बंदच केली, नाहीतर ती मधेमधे लुडबुड करते. भिंतीवर चित्राच्या मध्याची खूण करून तिथून ओळंबा सोडला. लेन्सपासून चित्राच्या डाव्या आणि उजव्या कडेच्या जागी दोन दोरे ताणले. दोन्ही सारख्या लांबीचे झाले की लेन्स मध्यावर आली. (डब्याचा मध्य धरू नका. बऱ्याच यंत्रांत लेन्स एका बाजूला असते.) मग यंत्र चालू करून डावी आणि उजवी कड टेपने मोजली. जी कड उंच असेल, त्या बाजूला यंत्राचं तोंड जास्त वळलंय असं समजायचं आणि केसभर उलट फिरवायचं. नंतर वरची आणि खालची कड मोजायची. वरची रुंद असेल तर नाक वर आहे, पुढचे पाय कमी करायचे. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे आले की आयत बरोबर. सहावीतला प्रमेय सत्तरीत उपयोगी पडला!

हे सगळं करूनही माझी कर्णाची मापं जुळेनात. दोन सेंटीमीटरचा फरक काही केल्या जाईना. शिवाय उजवीकडे शिरोरेषा सापासारखी वर-खाली होत होती. हा दोष आधीचा नव्हता. आधी अक्षरं पुसट होती, आता अक्षरं बऱ्यापैकी स्वच्छ पण ओळ वाकडी. तेव्हा मला फरक कळला. साधारणपणे तिरकेपणाने अक्षर पुसट होतं, आणि भिंतीच्या फुगवट्याने ओळ वाकते.

आमचं घर जुनं, दगड-मातीचं. दोन फूट जाडीच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा. डोळ्याला भिंत सपाट दिसते. मी दोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून धरायला लावला, दोन्ही टोकांना सारख्या जाडीची काठी देऊन, आणि मधल्या अंतरांवर फूटपट्टीने मोजलं. उजवीकडे भिंत सव्वा सेंटीमीटर पुढे आलेली. एरवी त्या फुगवट्याने काय बिघडतं? कॅलेंडर टांगा, फोटो टांगा, काही कळत नाही. लांबून चित्र टाकलं असतं तरी कडेची अक्षरं जेमतेम चार मिलिमीटर सरकली असती. पण ४५ अंशांनी येणाऱ्या किरणाला भिंत सव्वा सेंटीमीटर आधी भेटली, की अक्षरही सव्वा सेंटीमीटर सरकतं. वरच्या कोपऱ्यात त्याहून थोडं जास्त. आणि पाव गुणोत्तराचा, भिंतीला टेकून ठेवायचा प्रोजेक्टर असेल तर वरच्या कडेला एक सेंटीमीटरच्या फुगवट्याने अक्षर साधारण तीन सेंटीमीटर सरकू शकतं. यंत्र भिंतीच्या जितकं जवळ न्याल, तितकी भिंत चांगली लागते. भाऊजी, म्हणून विचारलं हो, भिंत कशी आहे!

मग पडद्याचा प्रश्न आला. पहिला विचार साहजिकच गुंडाळायच्या पडद्याचा. शाळेत असताना तसा एक आमच्याकडे होता, म्हणून मला त्याची खोड माहीत होती. वर्षभरात त्याच्या उभ्या कडा आत वळतात आणि मधे उभ्या लाटा पडतात. लांबच्या प्रोजेक्टरला त्या लाटा खपतात. तिरक्या प्रकाशात त्या वाळूवरच्या लाटांसारख्या उठून दिसतात, आणि पंखा लावला की ओळी हलायला लागतात. दोन्ही बाजूंनी दोरीने ताणलेले किंवा चौकटीवर घट्ट बसवलेले पडदे मिळतात, ते चांगले, पण महाग.

दुसरा विचार घरातल्याच पांढऱ्या सनमायकाच्या फळीचा होता. ती लावूनही पाहिली. सपाट होती, गुळगुळीत होती, पण चकचकीत होती. मधोमध दिव्याचा एक लख्ख गोळा दिसायचा आणि कडा त्यामानाने काळवंडायच्या. जागा बदलली की गोळाही सरकायचा. माझी मुलं यंत्राच्या दोन्ही बाजूंना बसतात, कारण मधे तिपाई आणि डबा आड येतो. तेव्हा पडदा असा हवा, की कुठूनही पाहिलं तरी सारखाच उजेड दिसेल. तो गुण चकाकीत नाही, साध्या मंद पांढऱ्या रंगात आहे. दुकानदार पडद्याचा 'गेन' सांगतात, म्हणजे पडदा समोरच्या बाजूला प्रकाश किती एकवटून परत टाकतो ते. मोठा आकडा म्हणजे चांगला पडदा असं वाटतं, पण जवळच्या प्रोजेक्टरला एकच्या आसपासचाच बरा.

खोलीतला उजेड झटकून टाकणारे करडे पडदेही मिळतात. भिंतीला टेकवायच्या प्रोजेक्टरसाठी असलेल्या पडद्यावर बारीक आडव्या खाचा असतात. खालून येणारा प्रकाश त्या पाहणाऱ्याकडे वळवतात आणि वरून येणारा ट्यूबलाइटचा शोषून घेतात. प्रोजेक्टर खाली, पडद्याच्या पायथ्याशी असेल तर हा पडदा दिवसाढवळ्याही चांगला दिसतो. पण तोच प्रोजेक्टर छताला उलटा टांगला, किंवा माझ्यासारखा जरा दूरचा असला, तर या खाचा त्याच्याच प्रकाशाला शत्रू समजतात आणि चित्र मंद होतं. म्हणून तो पडदा कुठल्या प्रकारच्या यंत्रासाठी आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

शेवटी आमच्या आळीतल्या सुताराला बोलावलं. तो माझाच जुना विद्यार्थी. मी गिलावा सारखा करून पुट्टी मारायचं म्हणत होते. तो म्हणाला, "बाई, या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते. पुट्टी सुटून येईल. त्यापेक्षा भिंतीला हातच लावू नका, तिच्यापुढे नवी भिंत करू." त्याने आठ बाय चार फुटी प्लायवूडमधून सहा बाय चारचा तुकडा कापला. १८३ सेंटीमीटर बाय १२२, म्हणजे माझं चित्र बसून वर थोडी जागा उरते. नुसतं प्लायवूड ओलीने वळतं म्हणून पाठीमागे लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकली. जिथे भिंत आत होती तिथे पाचरी मारल्या, आणि दोरा लावून सगळा पृष्ठभाग एका पातळीत आणला. भिंत आणि फळी यांच्यात हवा खेळती ठेवली. मग प्रायमर, पॉलिश पेपर, आणि दोन हात चकाकी नसलेल्या पांढऱ्या रंगाचे. कडेने काळी पट्टी रंगवली, म्हणजे चित्र दोन-चार मिलिमीटर बाहेर गेलं तर काळ्यात बुडून जातं. सगळा खर्च प्रोजेक्टरच्या मानाने किरकोळ झाला. तो मजुरी घेईना, मी बळेच दिली.

फळी बसल्यावर कर्ण जुळले. तरीही एक गोष्ट उरली, तीही प्रामाणिकपणे सांगते. मधे अगदी नेमका फोकस केला की चारही कोपरे किंचित मऊ दिसतात, आणि कोपऱ्यातल्या अक्षरांना बारीक तांबडी-निळी किनार असते. हा मात्र लेन्सचाच दोष. चारही कोपऱ्यांत सारखा आहे, यावरून ओळखायचं. तो फळीने जात नाही, कीस्टोनने जात नाही, कशानेच जात नाही. त्यावर मी दोन उपाय करते. फोकस मध्यावर न करता मध्य आणि कोपरा यांच्या अधल्यामधल्या अक्षरावर करते, म्हणजे दोन्हीकडे थोडं थोडं सोसलं जातं. आणि पानाच्या चारही बाजूंना बोटभर समास सोडते. वहीत समास सोडा म्हणून चाळीस वर्षं मुलांना सांगत आले, आता स्वतः सोडते. शिवाय फोकस यंत्र लावल्या लावल्या करायचा नाही. लेन्स तापली की तो थोडा सरकतो. अर्ध्या तासाने करायचा.

रोज संध्याकाळी तिपाई मांडायची आणि रात्री उचलायची, म्हणून फरशीवर तिच्या पायांच्या आणि तिपाईवर डब्याच्या पायांच्या लाल रंगाने खुणा केल्या आहेत. तरी आठवड्यातून एकदा मी एक खास पान लावते. मधे आणि चारही कोपऱ्यांत एकच जोडी लिहिलेली, नदी, नंदी. खोलीच्या टोकाला बसून पाचही ठिकाणी दोन्ही शब्द वेगळे वाचता आले तर त्या दिवशी वाचन. नाही आले तर आधी टेप.

आता भाऊजींना उत्तर. यंत्राचं नाव विचारण्याआधी भिंतीवर दोरा ताणा. काही मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डा-उंचवटा असेल तर फळीचे किंवा चौकटीच्या पडद्याचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरतील त्यात यंत्र घ्या. तुम्ही म्हणता त्या टेकून ठेवायच्या प्रकाराला भिंत माझ्यापेक्षाही सरळ लागेल. आणि दिवसा खिडक्या उघड्या ठेवूनच बघायचं असेल, खाचांचा पडदा परवडत नसेल, तर सरळ एक टीव्ही घ्या. त्याच्या कडा तरी पुसट होत नाहीत. मला मोठी अक्षरं हवी होती आणि मुलं गेल्यावर खोली परत मोकळी हवी होती, म्हणून मी या वाटेला गेले.

काही वाचक म्हणतील, एवढ्या टिंबासाठी एवढा खटाटोप? घरात सिनेमा बघणाऱ्याला कोपरा पुसट असला तर काही बिघडत नाही, हे मान्य. कोपऱ्यात आकाश असतं नाहीतर झाड असतं. पण जिथे कुणी वाचायला शिकतंय, तिथे कोपराही पानाचाच भाग आहे. आणि त्या कोपऱ्यासमोर बसणारं मूल बहुधा तेच असतं, जे मधे बसायला घाबरतं.

फळी लागली त्या संध्याकाळी मी तेच पान लावलं. त्या मुलाला सांगितलं, "परवा तू बरोबर होतास. टिंब खरंच दिसत नव्हतं. चूक माझी होती." मुलं गप्प झाली. बाईंनी चूक कबूल केलेली त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकली असावी. त्याने वाचलं, "देवळासमोर मोठा नंदी," आणि मग उठून फळीपाशी गेला आणि त्या टिंबावर बोट ठेवून म्हणाला, "आता आहे."

असो. तुमच्यापैकी कुणी असा उद्योग केला असेल तर भिंतीचं काय केलंत ते जरूर कळवा. भाऊजी, तुम्ही दोरा ताणल्यावर फोन करा.